कैरीचे लोणचे: दहा बाटल्यांची चव शंभर बाटल्यांत कशी टिकवावी

दहा बाटल्या लोणचे करताना कृती कागदावर नसते, ती हातात असते. फोडी जरा कोवळ्या वाटल्या तर हात मिठाला आपोआप थोडा सैल होतो. फोडणी निवली की नाही ते पातेल्याला हात लावून कळते, आणि बाटली भरताना एखादी फोड इकडची तिकडे करून सगळ्या बाटल्या सारख्या दिसतील असे पाहता येते. शंभर बाटल्यांच्या वेळी साहित्य दहापट होते, पण हे हातातले शहाणपण दहापट होत नाही. बहुतेक नवख्यांची चव इथेच बिघडते. म्हणून वाढवण्याआधी हात जे नकळत करतो ते वजन, तापमान आणि वेळ यांत उतरवून घ्यावे लागते.

इथे २५० ग्रॅमच्या १०० बाटल्या, म्हणजे २५ किलो कैरीचे तेलातले लोणचे धरून सगळा हिशेब मांडला आहे. तुमची कृती वेगळी असेल तर आकडे बदला, पण पायऱ्यांचा क्रम बदलू नका.

आधी तुमचा अंदाज वजनात उतरवा

नेहमीसारखे दहा बाटल्यांचे लोणचे करा. फरक एवढाच की मीठ, तिखट, मोहरीची डाळ, तेल या सगळ्यांचे डबे सुरुवातीला वजन करून ठेवायचे आणि काम संपल्यावर पुन्हा वजन करायचे. मध्ये हात अडवायचा नाही. जेवढे वजन कमी झाले तेवढे साहित्य लोणच्यात गेले. असे तीन घाणे करा आणि तीनही मुरू द्या. तिन्हींत मिठाचे आकडे वेगळे निघाले तर दचकू नका, ते निघतातच. ज्या घाण्याची चव तुम्हाला हवी तशी आहे त्याचे आकडे कायम करा.

आकडे लिहिताना फोडींचे वजन १०० धरा आणि बाकी सगळे त्याच्या तुलनेत लिहा. अख्ख्या कैरीचे वजन धरू नका, कारण कोयीचा वाटा प्रत्येक जातीत आणि हंगामाच्या प्रत्येक आठवड्यात बदलतो. आपल्या उदाहरणातली कृती अशी आहे:

फोडी १००, मीठ १८, मोहरीची डाळ ८, तिखट ५, हळद २, मेथ्या दीड, हिंग १, शेंगदाणा तेल २५.

बेरीज १६०.५ होते. म्हणजे १ किलो फोडींचे सुमारे १ किलो ६०५ ग्रॅम लोणचे. यात फोडींचा वाटा ६२ टक्के आणि तेलाचा साडेपंधरा टक्के येतो. अन्न सुरक्षा मानकांप्रमाणे तेलातल्या लोणच्यात फळाचा भाग किमान ६० टक्के आणि तेल किमान १० टक्के लागते, त्यामुळे ही कृती त्यात बसते. पण फळाच्या बाजूला फार जागा उरलेली नाही हेही लक्षात ठेवा. मसाला आणि तेल हौसेने वाढवत गेलात तर फोडींचा वाटा ६० च्या खाली जाईल.

तेलाचे वजनच करा. एक लिटरच्या पिशवीत साधारण ९१० ग्रॅम तेल असते. कृती किलोत लिहायची आणि तेल पिशव्या मोजून ओतायचे असे केले की दर वेळी ९ टक्के तेल कमी पडते. दहा बाटल्यांत ते जाणवत नाही. शंभर बाटल्यांत शेवटच्या काही बाटल्यांना वरून घालायला तेलच उरत नाही.

मिठाचेही तसेच आहे. जाड्या मिठाची वाटी आणि बारीक मिठाची वाटी एका वजनाच्या नसतात. शिवाय मे महिन्याच्या शेवटी हवेत दमटपणा आला की मीठ पाणी धरते आणि वजनात खोटे बोलते. जुन्या बायका मीठ भाजून घ्यायच्या ते याचसाठी. कढईत कोरडे भाजा, पूर्ण निवू द्या आणि मगच वजन करा.

काटे दोन लागतात. फोडी आणि टब यांच्यासाठी ३० किलोचा, आणि मसाल्यांसाठी १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा ५ किलोचा. मोठ्या काट्याचा सर्वांत लहान टप्पा ५ किंवा १० ग्रॅमचा असतो. त्यावर ३३ ग्रॅम हिंग तोलणे म्हणजे पुन्हा अंदाजच. रोज काम सुरू करण्याआधी दुकानातले ५०० ग्रॅमचे वजन ठेवून दोन्ही काटे तपासा.

एकच मोठा घाणा करू नका

१०० बाटल्यांना २५ किलो लागते. भांड्यांना चिकटणारे, सांडणारे आणि नमुन्यासाठी ठेवायचे धरून साडेसव्वीस किलो करू. त्यासाठी साडेसोळा किलो फोडी हव्यात.

एवढ्या फोडी एका टबात घालून कालवायला गेलात तर त्या कालवल्या जात नाहीत, फक्त हलतात. मीठ आणि मसाला खाली बसतो, खार तळाशी साचतो आणि वरच्या फोडी कोरड्या राहतात. जोर लावून ढवळले तर कडेच्या फोडी तुटतात. दीड किलो फोडी परातीत खालून वर घेत कालवण्याची जी सफाई आहे ती सोळा किलोंत मिळत नाही.

म्हणून कालवण्याचे पाच भाग करा. प्रत्येक टबात ३ किलो ३०० ग्रॅम फोडी, म्हणजे वीस बाटल्या. तुमच्या जुन्या घाण्याच्या हे दुप्पट आहे आणि दोन हातांच्या आवाक्यात आहे. मसाला मात्र उलट: तो पाचही टबांसाठी एकदाच करायचा आणि मग वजनाने वाटायचा. मेथ्यांची पूड, तिखट, मोहरीची डाळ पाच वेळा पाच हातांनी तयार केली तर पाच चवी होतात. एकदाच केली तर चुकली तरी सगळीकडे सारखी चुकते, आणि ती कालवण्याआधी चाखून दुरुस्त करता येते.

एका टबाचा हिशेब असा: फोडी ३३०० ग्रॅम, मीठ ५९४, मोहरीची डाळ २६४, तिखट १६५, हळद ६६, मेथ्या ४९ ते ५०, हिंग ३३, तेल ८२५. एकूण ५ किलो २९६ ग्रॅमच्या आसपास. हा कागद भिंतीवर लावा. त्या दिवशी कुणालाही तोंडी गुणाकार करायला लावू नका.

कैरी: इथला फरक पुढे कुठेच भरून निघत नाही

लोणच्याला राजापुरी चालते, आंबट गावरान कैरीही चालते, पण एका घाण्यात दोन्ही मिसळू नका. शंभर बाटल्यांसाठी माल कमी पडतो म्हणून दोन व्यापाऱ्यांकडून आणलेला माल एकत्र करणे ही नेहमीची चूक आहे. आंबटपणा वेगळा, गराचा घट्टपणा वेगळा, आणि मग एकाच बाटलीत एक फोड करकरीत तर दुसरी मऊ लागते. दोन ठिकाणचा माल घ्यावाच लागला तर टब वेगळे ठेवा आणि कोणता माल कोणत्या टबात गेला ते लिहा.

प्रत्येक पोत्यातल्या चार-पाच कैऱ्या कापून बघा. कोयीचे कवच कडक झालेले आणि गर पांढरा हवा. गराला पिवळसर झाक आली असेल तर ती कैरी पाडाला लागते आहे. तिच्यातला आंबटपणा उतरू लागलेला असतो आणि तिची फोड महिन्याभरात मऊ पडते. अशा कैऱ्या बाजूला काढून त्यांचा साखरआंबा करा.

किती कैरी आणायची हे दोन किलो कैऱ्या कापून ठरवा. दोन किलोतून १ किलो ३०० ग्रॅम फोडी निघाल्या तर उतारा ६५ टक्के झाला, आणि साडेसोळा किलो फोडींसाठी साडेपंचवीस किलो कैरी लागेल. दोन-तीन किलो जास्त आणा.

धुतल्यावर कैऱ्या पूर्ण कोरड्या झाल्या पाहिजेत. वीस कैऱ्या पंचाने पुसणे सोपे आहे, पोतेभर कैऱ्या पुसताना मात्र पंचाच ओला होतो आणि मग आपण पाणी पुसत नाही, पसरवतो. पंचे जास्त ठेवा, ओला झाला की बदला आणि पुसलेल्या कैऱ्या सुती कापडावर एकेरी पसरून पंख्याखाली दोन-तीन तास ठेवा. देठाच्या खळग्यातले पाणी शेवटी वाळते, तिथे बोट फिरवून बघा.

फोडीचा आकार हा दिसण्याचा प्रश्न नाही. मीठ फोडीत बाहेरून आत झिरपते, आणि त्याला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. दोन सेंटीमीटरच्या फोडीत मीठ मध्यापर्यंत पोचायला जेवढे दिवस लागतात त्याच्या दुपटीहून जास्त दिवस तीन सेंटीमीटरच्या फोडीला लागतात. मधला भाग कमी खारट राहतो, आणि जास्त दिवस राहतो. दोघी-तिघी मिळून कापत असाल तर प्रत्येकीच्या समोर एका ताटलीत नमुन्याच्या तीन फोडी ठेवा. अडकित्त्याने कोयीसकट कापणार की कोय काढून, हेही आधी ठरवा. अर्धा माल असा आणि अर्धा तसा झाला तर ‘फोडींचे वजन १००’ या हिशेबाला अर्थ उरत नाही.

मीठ लावणे

सगळी कैरी कापून होईपर्यंत थांबू नका. ३३०० ग्रॅम फोडी झाल्या की त्या टबाला लगेच मीठ आणि हळद लावा, टबावर क्रमांक आणि वेळ लिहा, मग पुढच्या टबाकडे वळा. पहिली फोड कापल्यापासून शेवटची कापेपर्यंत चार-पाच तास सहज जातात. तेवढा वेळ उघडी पडलेली फोड काळपट होते आणि तिच्यातले पाणी सुटू लागते.

टब स्टीलचा किंवा खाद्यपदार्थांसाठीच्या प्लॅस्टिकचा घ्या. अॅल्युमिनियम, पितळ, तांबे आणि लोखंड मीठ-आंबटाजवळ येऊ देऊ नका. लोखंडाने तर लोणचे काळे पडते. स्टीलमध्येही मीठ लावलेल्या फोडी दिवसेंदिवस ठेवू नका, मुरवण्यासाठी प्लॅस्टिकचा टब किंवा चिनी मातीची बरणी बरी.

मीठ लावलेल्या फोडी रात्रभर, १० ते १२ तास, दादरा बांधून ठेवा आणि मधे दोनदा वरखाली करा. सकाळी खाली पाणी सुटलेले असेल. अनेक घरांत यातले थोडे पाणी काढून टाकतात. दहा बाटल्यांत चालून जाते, पण त्या पाण्याबरोबर मीठ आणि आंबटपणा दोन्ही जातात, आणि किती गेले ते कुणी मोजत नाही. एका टबातून अर्धा लिटर काढले आणि दुसऱ्यातून पाव, तर ते दोन वेगळे पदार्थ झाले. या कृतीत पाणी अजिबात काढायचे नाही. तुमच्या कृतीत काढायचेच असेल तर प्रत्येक टबातून तेवढेच, तोलून काढा.

मीठ १८ का, हेही समजून घ्या. कैरीच्या वजनात साधारण ८५ टक्क्यांच्या वर पाणी असते. या पाण्यात १८ भाग मीठ विरघळले की खाराची तीव्रता सतरा टक्क्यांच्या आसपास येते. एवढ्या खारात आणि कैरीच्या आंबटात बहुतेक जंतूंना वाढता येत नाही. ‘कमी मिठाचे’ म्हणून हा आकडा १० वर आणला तर टिकाऊपणाचा सगळा हिशेब बदलतो. तेव्हा ते लोणचे फ्रिजमधले, थोड्या दिवसांचे होते आणि तसेच विकावे लागते.

फोडणी: मिनिटे नव्हे, अंश मोजा

वाढवताना सर्वांत जास्त घाणे इथे बिघडतात, आणि त्याचे कारण साधे आहे. तेल दहापट झाले तरी भांड्याचा पृष्ठभाग दहापट होत नाही. त्याच घडणीचे मोठे भांडे घेतले तर तो साडेचारपटीच्या आसपासच वाढतो. उष्णता बाहेर पडते ती पृष्ठभागातून. म्हणजे मोठ्या पातेल्यातले तेल निवायला दुपटीहून जास्त वेळ घेते. ‘गॅस बंद करून वीस मिनिटांनी तिखट’ हा नियम ४०० ग्रॅम तेलात बरोबर असेल, पण ४ किलोंत वीस मिनिटांनी तेल अजून तिखट जाळण्याइतके गरम असते. मग लोणचे तपकिरी होते, कडवट लागते, आणि करणाऱ्याला वाटते की तिखटच वाईट मिळाले.

मोहरीचे नुकसान याहून छुपे आहे. मोहरीच्या डाळीचा झणका डाळीत तयार बसलेला नसतो. डाळीला ओलावा लागला की तिच्यातले एक विकर काम सुरू करते आणि तो झणका तयार होतो. फेसलेली मोहरी नाकात जाते ती यामुळेच. फार गरम तेल पडले तर हे विकर निकामी होते आणि मोहरी चढतच नाही. लोणचे खराब नसते, पण ‘आपले’ नसते.

म्हणून तेलात बुडवता येईल असा, २०० अंशांच्या वर दाखवणारा स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्या. आधी तुमच्या लहान घाण्यात कोणती वस्तू किती अंशांवर पडते ते मोजून लिहा. आपल्या उदाहरणात क्रम असा आहे. सगळे तेल १८० अंशांपर्यंत तापवून गॅस बंद करायचा. १३० वर आले की हिंग. मग तेल दोन-तीन पसरट, उथळ पातेल्यांत विभागून ४० अंशांच्या खाली येऊ द्यायचे. हिंग तळाशी बसतो, तेव्हा वाटताना दर वेळी तळापासून ढवळून घ्या, नाहीतर शेवटच्या टबाला सगळा हिंग जाईल.

मेथ्या या मोठ्या तेलात टाकू नका. पाव किलो मेथ्या एकदम टाकल्या तर बाहेर काढेपर्यंत निम्म्या करपतात. कढल्यात थोड्या तेलावर पाच भागांत परता, सोनेरी झाल्या की लगेच ताटात पसरा. कढल्यात राहिल्या तर गॅस बंद असूनही त्यांचा रंग पुढे जात राहतो. हे तेल एकूण तेलाच्या हिशेबातच धरा. निवल्यावर पूड करा. मिक्सर सलग चालवू नका, थांबून थांबून फिरवा, कारण भांडे तापले की वास उडतो.

तिखट आणि हिंग: नवे पोते, नवी चव

संकेश्वरी जहाल, ब्याडगी रंगाला चांगली आणि तिखटाला सौम्य, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच नावाच्या दोन पोत्यांतही फरक असतो. शक्य असेल तर हंगामाची मिरची एकाच वेळी घ्या, कुटून एकत्र मिसळा आणि हवाबंद ठेवा. शंभर बाटल्यांच्या एका फेरीला ८२५ ग्रॅम तिखट लागते, तेव्हा दहा फेऱ्यांचे तिखट साठवणे फार अवघड नाही.

नवा लॉट घ्यावाच लागला तर जुन्यातले शंभर ग्रॅम राखून ठेवलेले असले पाहिजे. दोन पांढऱ्या वाट्यांत ५०-५० ग्रॅम कोमट तेल घ्या, एकात ५ ग्रॅम जुने तिखट, दुसऱ्यात ५ ग्रॅम नवे. अर्ध्या तासाने रंग बघा, मग भाताबरोबर चाखा. नवे जहाल असेल तर त्यातला काही भाग ब्याडगीने बदला, पण एकूण तिखट ५ वरच ठेवा. वजन कमी-जास्त केले तर खाराचा दाटपणाही बदलतो.

बाजारातला बांधानी हिंग म्हणजे हिंगात पीठ आणि डिंक मिसळलेला असतो, आणि त्यातल्या हिंगाचे प्रमाण प्रत्येक कंपनीचे वेगळे. कंपनी बदलली की १ हा आकडा निरर्थक होतो. त्यातले पीठ गव्हाचे असेल तर ते लेबलवर लिहायचेही असते.

कालवणे आणि मुरवणे

मेथीची पूड, तिखट आणि मोहरीची डाळ कोरडीच एकत्र करून तोलून पाच भाग करा. प्रत्येक टबाला एक भाग. ८२५ ग्रॅमपैकी ५८५ ग्रॅम तेल कालवताना घाला आणि २४० ग्रॅम बाटलीच्या तोंडाशी घालण्यासाठी टबाचा क्रमांक लिहून वेगळे ठेवा. पाचही टब एकाच व्यक्तीने कालवले तर उत्तम.

कालवलेले लोणचे लगेच भरू नका. चार दिवस टबात दादरा बांधून ठेवा आणि रोज सकाळ-संध्याकाळ कोरड्या उलथन्याने तळापासून वर घ्या. पहिल्या दोन दिवसांत खार वाढतो, मोहरी फुगते, मसाला फोडीला धरू लागतो. त्याआधी भरले तर फोडी, खार आणि तेल वेगवेगळे सुटून राहतात आणि कोणत्या बाटलीत काय जाईल याचा भरवसा उरत नाही.

चौथ्या दिवशी प्रत्येक टबाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा, मोजा; तो जितका कमी तितके लोणचे जास्त आंबट. हळद-तिखटाच्या रंगात कागदी पट्टीचा रंग वाचता येत नाही, त्यामुळे डिजिटल मीटर घ्या आणि ४ व ७ च्या द्रावणांवर तो जुळवून घ्या. वरचे तेल बाजूला सारून फोडी आणि खार घ्या, तेवढेच डिस्टिल्ड पाणी घालून वाटा आणि त्यात मोजा. ४.६ ही धोक्याची रेषा आहे, तिच्या वर घातक जंतूंना जागा मिळते. कच्च्या कैरीचे लोणचे त्याच्या बरेच खाली असते, म्हणून तुमची थांबण्याची रेषा ४ ठेवा. एखाद्या टबाचा आकडा बाकी चारांपेक्षा ठळकपणे वर असेल तर त्या टबात पाडाच्या कैऱ्या गेल्या आहेत. तो टब बाजूला ठेवा, बाकीच्यांत मिसळून आकडा सारखा करायला जाऊ नका.

भरणे

एका टबातल्या पहिल्या पाच बाटल्या आणि शेवटच्या पाच शेजारी ठेवून बघा. झाऱ्याने वरवरून भरत गेलात तर पहिल्यांत फोडीच फोडी आणि शेवटच्यांत मसाल्याचा चिखल दिसेल. गिऱ्हाईक एक बाटली घेते. तिच्यासाठी तीच तुमची चव.

उपाय दोन भागांत भरण्याचा. काट्यावर रिकामी बाटली ठेवून शून्य करा. फोडी आणि खार मिळून २३८ ग्रॅम भरा, स्वच्छ कोरड्या चमच्याने दाबून आतली हवा काढा आणि वरून राखलेले १२ ग्रॅम तेल घाला. सहा सेंटीमीटर रुंदीच्या बाटलीत याचा जवळपास अर्धा सेंटीमीटर थर होतो. एकही फोड तेलाच्या वर डोकावता कामा नये. बुरशीला हवा लागते, आणि तिला ती पहिल्यांदा त्या डोकावणाऱ्या फोडीवर मिळते. दर पाच बाटल्यांनंतर टब तळापासून ढवळा.

बाटल्या धुऊन जाळीवर उपड्या वाळवा, मग ओव्हनमध्ये ११० अंशांवर वीस मिनिटे ठेवून पूर्ण निवू द्या. झाकणांची विसरण जास्त होते. बाटली कोरडी आणि झाकणाच्या आट्यांत थेंब, असे झाले की बुरशी झाकणापासून खाली उतरते.

लेबलवरच्या बॅच क्रमांकात तारखेबरोबर टबाचा क्रमांकही घाला: ३ मे २०२६ च्या दुसऱ्या टबाला ०३०५२६-२. तक्रार आली तर शंभर नाही, वीस बाटल्यांचा शोध घ्यावा लागतो. प्रत्येक टबातली १०० ग्रॅमची एक लहान बाटली विक्रीच्या बाटल्यांसारखीच, त्याच उजेडात आणि त्याच उष्म्यात ठेवा. फ्रिजमध्ये ठेवलेला नमुना गिऱ्हाइकाच्या कपाटातली गोष्ट सांगत नाही.

सारखे झाले की नाही, कसे ओळखायचे

ताजे लोणचे चाखून मीठ ठरवू नका. मीठ तेव्हा खारात असते, फोडीत नसते, आणि खार नेहमीच खारट लागतो. कमी झाले असे वाटून किंवा जास्त झाले असे वाटून त्या वेळी केलेली दुरुस्ती महिन्याने उलटते. भरल्यापासून पंधराव्या दिवशी, दर वेळी पंधराव्याच दिवशी, चाखा.

चाखताना ‘कसे झालेय’ असे विचारू नका, सगळे छानच म्हणतात. सहा जणांपुढे प्रत्येकी तीन वाट्या ठेवा. दोन वाट्यांत एक लोणचे, तिसरीत दुसरे: एक तुमच्या मूळ लहान घाण्याचे आणि एक नव्या टबाचे. वाट्यांची जागा प्रत्येकासाठी बदला आणि वेगळी वाटी कोणती एवढेच विचारा. नुसत्या अंदाजाने सहापैकी दोघे बरोबर सांगतीलच. पाच किंवा सहा जणांनी बरोबर ओळखली तर फरक खरा आहे. मूळ घाणा जुना आणि नवा ताजा असेल तर मुरण्याचाच फरक ओळखला जाईल, म्हणून तुलनेसाठी त्याच दिवशी, त्याच कैरीचा एक दीड किलोचा लहान घाणा जुन्या पद्धतीने करून ठेवा. एवढे कष्ट फक्त पहिल्या एक-दोन फेऱ्यांना लागतात.

बिघाड दिसला तर खुणा साधारण अशा वाचाव्यात. झाकण फुगले किंवा उघडताना बुडबुडे आले तर आंबणे सुरू आहे: मीठ कमी पडले, किंवा बाहेरचे पाणी गेले. ती बाटली विकायची नाही, आणि त्या टबाच्या बाकीच्या बाटल्या उघडून बघायच्या. फक्त वरच्या थरावर पांढरे-हिरवे केसाळ ठिपके असतील तर तेलाचा थर कमी पडला किंवा झाकण ओले होते. वरचा थर काढून उरलेले वापरायचा मोह टाळा, बुरशी दिसते त्याहून खोल गेलेली असते. पाचही टब सारखेच कडवट असतील तर दोष एकदाच केलेल्या वस्तूत शोधा: मेथ्या, तिखट किंवा फोडणी. एकच टब वेगळा असेल तर दोष त्या टबाच्या कैरीत, मिठात किंवा कालवण्यात आहे. मसाला एकदाच करण्याचा आणि कालवणे विभागण्याचा हा दुसरा फायदा.

पहिल्याच दिवशी पाच टब लावू नका. एप्रिलमध्ये कैरी सुरू झाली की एकच टब, वीस बाटल्यांचा, पूर्ण पद्धतीने करा आणि पंधराव्या दिवशी चाखा. त्याच टबातली एक बाटली मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवून पीएच, मीठ, आम्लता आणि बुरशी-यीस्ट तपासून घ्या. आकडे ठीक आले की मेमध्ये पाच टब लावायला वेळ उरतो. पाऊस सुरू झाल्यावर नवीन प्रयोग करू नका: कैरी पाडाला आलेली असते, मीठ ओले असते आणि धुतलेली कैरी वाळत नाही.